‘रेस्ट’ नेमकं कुठे बसतं?

यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच असतो. तरी यकृताची पेशी मज्जापेशीची प्रथिनं बनवायला जात नाही, कारण ती जनुकं तिथे दाबून ठेवलेली असतात. हे दाबून ठेवण्याचं काम करणाऱ्यांत ‘रेस्ट’ नावाचं एक प्रथिन आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधलं, त्यामुळे त्याला दोन नावं मिळाली आणि ‘एनआरएसएफ’ हे दुसरं नावही अजून चालतं. डीएनएवर ठरावीक अक्षरक्रम ओळखून बसायचं आणि जवळचं जनुक चालू किंवा बंद करायचं, असं काम करणाऱ्या प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. त्यांतले बरेचसे सहा ते दहा अक्षरांचा तुकडा ओळखतात. ‘रेस्ट’चा क्रम मात्र चांगला एकवीस अक्षरांचा आहे.

मग संगणकात माणसाचा तीन अब्ज अक्षरांचा जीनोम उघडावा, त्यात तो क्रम शोधावा, की झालं काम, असं कुणालाही वाटेल. पण तसं होत नाही. क्रमात थोडाफार फरक असला तरी ‘रेस्ट’ बसतं. उलट क्रम जवळजवळ तंतोतंत असूनही तो भाग गुंडाळून बंद करून ठेवलेला असेल, तर बसत नाही. एखाद्या पेशीत प्रथिन खरोखर कुठे बसलं आहे, हे त्या पेशीलाच विचारावं लागतं. विचारायच्या पद्धतीचं नाव आहे चिप-सीक. २००७ मध्ये कॅलटेक आणि स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात या पद्धतीवरचा एक सुरुवातीचा लेख छापला, तो याच ‘रेस्ट’वर होता. ज्युरकॅट नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी टी-पेशींत त्यांना ‘रेस्ट’च्या १,९४६ जागा सापडल्या.

हा आकडा आला कुठून, त्यावर विश्वास का ठेवायचा आणि आज असा आकडा काढताना काय काय तपासतात, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

प्रयोगाची सुरुवात फॉर्मॅलिनच्या नात्यातल्या रसायनाने होते. लाखो पेशींवर एक टक्का फॉर्मल्डिहाइड साधारण दहा मिनिटं ठेवतात. त्या क्षणी जे प्रथिन डीएनएवर जिथे असेल, तिथे ते चिकटून बसतं. मग ध्वनिलहरींनी डीएनएचे तुकडे करतात, सुमारे दोनशे ते तीनशे अक्षरं लांबीचे. फक्त ‘रेस्ट’लाच पकडणारं प्रतिपिंड त्या मिश्रणात सोडतात आणि चुंबकीय मण्यांच्या मदतीने ते बाहेर ओढून घेतात. प्रतिपिंडाबरोबर ‘रेस्ट’ येतं आणि ‘रेस्ट’बरोबर त्याला चिकटलेला डीएनएचा तुकडा. शेवटी उष्णता देऊन दोघांना सोडवतात, तुकड्यांची टोकं यंत्रावर वाचतात आणि वाचलेलं प्रत्येक टोक जीनोमवर कुठे जुळतं ते पाहतात. अशा प्रत्येक वाचनाला ‘रीड’ म्हणतात. २००७ मध्ये एक रीड पंचवीस अक्षरांचं होतं. ‘रेस्ट’ जिथे बसलं असेल तिथे रीड्सचा ढीग दिसायला हवा. हे ढीग म्हणजे शिखरं, आणि ती हुडकून काढणं म्हणजे ‘पीक कॉलिंग’.

कागदावर हे सगळं सोपं दिसतं. प्रत्यक्षात प्रतिपिंड फार ढिसाळ माल बाहेर काढतं. मण्यांना वाटेल तो डीएनए चिकटतो, कितीही धुतलं तरी थोडा मागे राहतोच. एकूण रीड्सपैकी एक टक्का जरी शिखरांत पडली, तरी ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचा प्रयोग चालण्याजोगा धरतात. म्हणजे शंभरातली नव्व्याण्णव रीड्स निव्वळ पार्श्वभूमी असू शकतात. ही पार्श्वभूमी जीनोमभर सारखी पसरलेली असती तर काही बिघडलं नसतं. जिथे ढीग दिसेल तिथे ‘रेस्ट’ आहे, असं बेधडक म्हणता आलं असतं. पण पार्श्वभूमीचेही ढीग असतात, आणि सगळी मारामारी तिथेच आहे.

खऱ्या शिखराची एक खूण मात्र आधी सांगायला हवी. डीएनएच्या तुकड्याला दोन टोकं असतात आणि यंत्र त्यांपैकी एका टोकापासून वाचायला लागतं. वाचन एका धाग्यावरचं असेल तर रीड प्रथिनाच्या डाव्या अंगाला पडतं, दुसऱ्या धाग्यावरचं असेल तर उजव्या. त्यामुळे खऱ्या जागेवर एक ढीग न दिसता दोन दिसतात. डावा एका धाग्याचा, उजवा दुसऱ्या धाग्याचा, आणि दोघांमधलं अंतर साधारण तुकड्याच्या लांबीएवढं. प्रथिन त्या दोघांच्या मधोमध बसलेलं असतं. दोन्ही ढीग अर्ध्या अर्ध्या अंतराने आत सरकवले की ते एकमेकांवर येतात आणि त्यांचा माथा बसण्याच्या जागेवर पडतो. तुकडे दोन-तीनशे अक्षरांचे असूनही ‘रेस्ट’च्या जागा सुमारे पन्नास अक्षरांच्या आत-बाहेर ठरवता आल्या, त्याचं कारण हेच. यांत्रिक गफलतीतून तयार झालेल्या ढिगात बहुधा अशी जोडी दिसत नाही. दोन्ही धाग्यांची रीड्स एकाच जागी थापलेली असतात.

आता पार्श्वभूमीच्या ढिगांकडे वळू. ते का तयार होतात याची कारणं पक्की माहीत आहेत. जिथे जनुक जोरात चालू असतं तिथे डीएनए सैल, उघडा असतो. ध्वनिलहरींनी तो अधिक सहज तुटतो, त्यामुळे तिथले तुकडे जास्त येतात. कर्करोगाच्या पेशींत एखाद्या गुणसूत्राच्या भागाच्या दोनाऐवजी कितीतरी प्रती झालेल्या असतात. त्या भागातून अर्थातच तितके जास्त तुकडे येतात. आणि गुणसूत्रांच्या मध्यभागी एकाच मजकुराची हजारो वेळा पुनरावृत्ती असते, पण संगणकातल्या जीनोमच्या नकाशात त्यातल्या मोजक्याच प्रती लिहिलेल्या असतील तर सगळ्या प्रतींची रीड्स त्या मोजक्या जागांवर येऊन कोसळतात. या तिन्हींचा ‘रेस्ट’शी काहीही संबंध नाही. दिसायला मात्र तिन्ही शिखरंच.

वाणी तेल मोजण्याआधी रिकाम्या डब्याचा धडा करतो, तसं इथे इनपुट लागतं. त्याच पेशी घ्यायच्या, तसंच फॉर्मल्डिहाइड, तसेच ध्वनिलहरींनी तुकडे. फक्त प्रतिपिंडाची पायरी गाळायची आणि ते तुकडे थेट यंत्रावर वाचायचे. सैल डीएनए, वाढलेल्या प्रती, नकाशातल्या चुका, सगळं इनपुटमध्ये जसंच्या तसं उतरतं. फक्त ‘रेस्ट’ने ओढून आणलेला जादा माल तेवढा त्यात नसतो. २००७ च्या त्या लेखातही नियंत्रणाचा असा नमुना होता आणि त्याच्या पाचपट तरी रीड्स दिसल्याशिवाय जागा यादीत घेतलेली नव्हती.

पण इनपुट हातात आल्यावर चिपमधून ते सरळ वजा करता येत नाही. का, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. समजा, इनपुटची दोन कोटी रीड्स आहेत आणि जीनोमचा वाचता येण्याजोगा भाग २.७ अब्ज अक्षरांचा आहे. दोनशे अक्षरांच्या खिडकीत सरासरी दीड रीड पडेल. सरासरीच दीड असेल तर निव्वळ योगायोगाने दर पाच खिडक्यांमागे एकीत शून्य रीड्स असतील. म्हणजे त्या जागी पार्श्वभूमी शून्य आहे असं मुळीच नाही. आपण मोजलंच इतकं थोडं की तिथे काही सापडलं नाही. अशा शून्याने चिपच्या आकड्याला भागलं तर उत्तर अनंत येईल आणि यादी खोट्या जागांनी भरून जाईल.

२००८ मध्ये बोस्टनच्या डॅना-फार्बर संस्थेतल्या शर्ली लिऊ यांच्या गटाने ‘मॅक्स’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली, तिने यावर काढलेला तोडगा आजही वापरात आहे. कल्पना अशी. एखाद्या जागेवरच्या शिखराची तुलना कशाशी करायची? संपूर्ण जीनोमच्या सरासरीशी, की त्या जागेभोवतीच्या एक हजार अक्षरांतल्या इनपुटशी, की पाच हजारांतल्या, की दहा हजारांतल्या? ‘मॅक्स’ हे सगळे आकडे काढतं आणि त्यांतला सर्वांत मोठा पार्श्वभूमी म्हणून धरतं. जवळच्या खिडकीत योगायोगाने शून्य आलं तर मोठी खिडकी किंवा जीनोमची सरासरी सावरून घेते. जवळ खरोखरच ढीग असेल तर जवळची खिडकी तो पकडते. संशयाचा फायदा दर वेळी पार्श्वभूमीला दिला जातो, आरोपीला नाही. मला हा या सगळ्या आज्ञावलीतला सर्वांत शहाणा भाग वाटतो.

याचा परिणाम किती होतो ते पाहू. समजा, चिपमध्ये दोन जागांवर प्रत्येकी पंधरा रीड्सचं शिखर आहे. पहिल्या जागेभोवती इनपुट शांत आहे, पार्श्वभूमी दीड. दीडची अपेक्षा असताना पंधरा किंवा त्याहून जास्त रीड्स निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता पॉयसाँच्या सूत्राने काढली, तर ती दहा अब्जांत एकाहूनही कमी येते. ही जागा खरी मानायला हरकत नाही. दुसरी जागा एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींतल्या विसाव्या गुणसूत्रावर आहे असं धरा. या पेशींत त्या गुणसूत्राच्या एका भागाच्या प्रती भरपूर वाढलेल्या आहेत, हे जुनं निरीक्षण आहे. तिथे इनपुटमध्येच दहा रीड्स आहेत असं समजू. दहाची अपेक्षा असताना पंधरा किंवा जास्त पडण्याची शक्यता शंभरात आठ. शिखर तेवढंच उंच, पण आता त्याला काही अर्थ उरला नाही. इनपुट नसतं तर दोन्ही जागा एकाच आत्मविश्वासाने यादीत गेल्या असत्या.

आणि इनपुट नसताना आज्ञावली थांबतही नाही. एका नमुन्यावर ती अशी चालवतात:

```
macs2 callpeak -t chip_rep1.bam -c input_rep1.bam -f BAM -g hs -n rest_rep1 -p 1e-2
```

यात `-t` च्या पुढे चिपची फाइल आणि `-c` च्या पुढे इनपुटची. `-c` आणि त्याच्यापुढची फाइल खोडून टाका, आज्ञावली तरीही चालेल आणि नीटनेटकी यादी देईल. इनपुट नसलं की ती आजूबाजूच्या चिपवरूनच पार्श्वभूमीचा अंदाज बांधते. रुंद भागातली वाढ त्यातून पकडली जाते. सैल डीएनएचा अरुंद ढीग मात्र सहज निसटतो.

इनपुटमध्येही भेसळ होऊ शकते. ते त्याच पेशींचं आणि त्याच वेळी तोडलेलं हवं. सहा महिन्यांपूर्वीचं, दुसऱ्या यंत्रावर तोडलेलं इनपुट शीतपेटीतून काढून वापरलं तर तुकड्यांची लांबी बदललेली असते आणि सैल डीएनएचे ढीग वेगळ्या प्रमाणात उमटतात. ते चिपइतकं तरी खोल वाचलेलं हवं. खर्च वाचवायला नेमकं इनपुटच उथळ वाचण्याचा मोह होतो. काही जण इनपुटऐवजी कशालाच न पकडणारं प्रतिपिंड वापरतात. तत्त्वतः ते चिपच्या अधिक जवळचं आहे, कारण मण्यांना चिकटणारा माल त्यातही येतो. पण त्यातून डीएनए इतका थोडा मिळतो की तेच तेच मोजके तुकडे यंत्रावर पुन्हा पुन्हा वाचले जातात. पुरेसा माल मिळत नसेल तर इनपुट बरं.

आता रेघ कुठे मारायची? दोनशे अक्षरांच्या खिडक्या जीनोममध्ये एक कोटी पस्तीस लाख होतात. हजारात एक ही कसोटी कडक वाटते, पण इतक्या खिडक्यांना लावली तर साडेतेरा हजार खोट्या जागा निव्वळ योगायोगाने हाती येतील. म्हणून एकूण तपासण्यांची संख्या लक्षात घेऊन कसोटी कडक करतात. एवढं करूनही रेघ मारणाऱ्याच्या हातात बरंच काही राहतं. आणि मुळात पॉयसाँचं सूत्र डीएनएच्या पार्श्वभूमीचं अगदी अचूक वर्णन करत नाही. खरी पार्श्वभूमी त्याहून जास्त चढउतारांची असते. आज्ञावलीने छापलेल्या शक्यतेचा शब्दशः अर्थ घेणं भाबडेपणाचं आहे. ते आकडे शिखरांचा क्रम लावायला चांगले, पण यादीत किती जागा खोट्या हे त्यांच्यावरून ठरवू नये.

त्यासाठी प्रयोग पुन्हा करावा लागतो. पुन्हा म्हणजे नव्याने वाढवलेल्या पेशी, नव्याने फॉर्मल्डिहाइड, नव्याने प्रतिपिंड. तोच डीएनए यंत्रावर दुसऱ्यांदा वाचला तर त्याला रेप्लिकेट म्हणता येत नाही. त्या दिवशी मणी नीट धुतले गेले नसतील तर ती चूक दोन्ही वाचनांत सारखीच दिसेल आणि दोन्ही वाचनं एकमेकांना दुजोरा देतील.

दोन रेप्लिकेटच्या दोन याद्या आल्या की पहिल्यांदा सुचतं ते असं, की दोन्हींत असलेल्या जागा ठेवाव्यात. बऱ्याच प्रयोगशाळा अजून तेच करतात. त्यात अडचण अशी, की आधी मारलेल्या रेघेवर सगळं अवलंबून राहतं. एखादी जागा पहिल्या यादीत रेघेच्या किंचित वर आणि दुसऱ्या यादीत किंचित खाली असेल तर ती गेली, मग दोन्हींत ती तितक्याच ठामपणे दिसत का असेना. उलट रेघ सैल ठेवून लाख-लाख शिखरं घेतली तर सैल डीएनएच्या जागांवर दोन्ही याद्या एकमेकींना आपोआप भेटतात.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या संख्याशास्त्रज्ञांनी, कुन्हुआ ली, पीटर बिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०११ मध्ये वेगळी वाट दाखवली. तिला आयडीआर म्हणतात. त्यांनी शिखरांची उंची किंवा शक्यता बाजूला ठेवली आणि फक्त क्रमांक पाहिले. प्रत्येक यादी सर्वांत ठाम शिखरापासून सर्वांत फुसक्या शिखरापर्यंत लावायची. मग प्रत्येक जागेसाठी आलेखावर एक ठिपका द्यायचा: आडव्या अक्षावर पहिल्या यादीतला क्रमांक, उभ्या अक्षावर दुसऱ्या यादीतला.

वरच्या क्रमांकांचे ठिपके तिरक्या रेषेला धरून असतात. एका यादीत चाळिसावं असलेलं शिखर दुसरीत पंचावन्नावं असतं, सहाशेवं असेल ते पाचशेसत्तरावं. क्रमांक खाली खाली जाऊ लागले की पट्टा रुंदावतो. आणि एका टप्प्यानंतर तो विस्कटून नुसता ढग होतो: इथे सहा हजारावं, तिथे एकेचाळीस हजारावं. या ढगातल्या जागांना एका यादीतल्या क्रमांकावरून दुसऱ्या यादीतला क्रमांक सांगता येत नाही. खऱ्या जागेचा जोर मूळ पेशीतून येतो, त्यामुळे तो दोन्ही दिवशी साधारण सारखा असतो. गोंधळातून आलेल्या ढिगाचा जोर मात्र त्या-त्या दिवसापुरता असतो. ठिपक्यांचे पट्ट्यातले आणि ढगातले असे दोन गट आहेत असं मानून आयडीआर प्रत्येक जागेला ती ढगातली असण्याची शक्यता देतं. मग वरून खाली मोजत जायचं आणि यादीत ढगातल्या जागांचं अपेक्षित प्रमाण समजा पाच टक्क्यांवर पोहोचलं की थांबायचं. इथे रेघ माणसाने मारलेली नसून दोन प्रयोगांच्या एकवाक्यतेने मारलेली असते.

या पद्धतीत नवख्याची एक चूक हमखास होते आणि ती प्रामाणिकपणातून होते. आयडीआरला द्यायच्या याद्या आधीच कडक कसोटीतून गाळून घ्याव्यात असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं हवं. याद्या मुद्दाम सैल हव्यात, खालची कचरा शिखरं त्यांत असलीच पाहिजेत. ढग दिसलाच नाही तर पट्टा कुठे संपतो हे आयडीआरला कळणार कसं? वरच्या आज्ञेत `-p 1e-2` इतकी ढिली कसोटी दिली आहे, ती याचसाठी.

रेप्लिकेट जुळतात की नाही, हे आयडीआरच्या अंतिम यादीवरून मात्र नीट कळत नाही. समजा, यादीत नऊ हजार जागा आल्या. त्या नऊ हजारच आहेत की एक रेप्लिकेट दुबळं पडल्यामुळे नऊ हजार उरल्या? दोघांतलं दुबळं रेप्लिकेट नेहमी यादी आखडून टाकतं. हे ओळखायला ‘एनकोड’ या मोठ्या अमेरिकी प्रकल्पाने एक साधी युक्ती रूढ केली. एकाच रेप्लिकेटच्या रीड्स चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन भागांत वाटायच्या आणि त्या दोन अर्ध्या भागांवरच आयडीआर चालवायचं. पहिल्या रेप्लिकेटमधून अशा अठरा हजार जागा आल्या आणि दुसऱ्यातून सहा हजार, तर गुणोत्तर तीन झालं. दोनाच्या वर गेलं की दुसऱ्या प्रयोगात प्रतिपिंडाने काम नीट केलेलं नाही असा संशय घ्यायचा. दुसरी तपासणी अशी: दोन्ही रेप्लिकेटच्या रीड्स एकत्र कालवून मग अर्ध्या करायच्या. त्यातून वीस हजार जागा येत असतील आणि खऱ्या दोन रेप्लिकेटच्या तुलनेतून नऊ हजारच, तर इथेही प्रमाण दोनाच्या वर गेलं. एकत्र केलेला माल स्वतःशी छान जुळतो, पण सोमवारचा प्रयोग गुरुवारच्या प्रयोगाशी जुळत नाही. दोन्ही गुणोत्तरं दोनाच्या वर असतील तर ती माहिती बाद धरतात. एकच गेलं असेल तर ती काठावरची.

अशा वेळी तिसरं रेप्लिकेट करावं. तीन केल्यावर त्यातली सर्वांत गोड जुळणारी जोडी निवडून तिसरं कपाटात टाकायचं, हा प्रकारही चालतो. तो करणाऱ्याने निदान तसं लिहून तरी ठेवावं.

आता या दोन उपायांचं एकमेकांशी नातं काय, ते पाहू, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. रेप्लिकेटमुळे फक्त त्या चुका पकडल्या जातात, ज्या दर वेळी वेगळ्या होतात. वाढलेल्या प्रतींचा भाग, नकाशातली चूक, सैल डीएनए हे तर दर वेळी तसंच्या तसं येतं. आयडीआरच्या आलेखात हे ढिगारे तिरक्या रेषेवर अगदी वरच्या टोकाला शिस्तीत उभे असतात, कारण त्यांच्याइतकं ‘पुनःपुन्हा मिळणारं’ दुसरं काहीच नाही. त्यांना पकडायचं काम इनपुटचं. इनपुट चांगलं नसताना दहा रेप्लिकेट केले तर दहा वेळा तीच खोटी जागा मिळेल. इनपुटमधूनही निसटणाऱ्या काही जागा इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या पेशींत दिसल्या की ‘एनकोड’ने त्यांची काळी यादीच तयार केली आहे. त्या जागांवरची शिखरं न तपासता काढून टाकतात.

आणि या दोन्हींच्या पलीकडचीही एक चूक आहे. २०१३ मध्ये लिओनिड टेटेलमन आणि सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये जीएफपीवर चिप-सीक केलं. जीएफपी म्हणजे जेलीफिशमधून घेतलेलं हिरवं चमकणारं प्रथिन. यीस्टच्या डीएनएवर बसायचं त्याला काहीच कारण नाही. तरीही जोरात चालणाऱ्या जनुकांवर त्याची शिखरं उमटली. ती इनपुटपेक्षा उंच होती, कारण चूक डीएनए तुटण्यात नव्हती, ओढून आणण्याच्या पायरीतच होती, आणि ती पायरी इनपुटमध्ये नसते. २०१५ मध्ये फळमाशीवर काम करणाऱ्या संशोधकांनाही असंच दिसलं: ज्या प्रथिनाचा शोध चालला होता ते पेशीत नसतानाही चालू जनुकांच्या सुरुवातीला शिखरं मिळत राहिली. त्यांनी त्यांना भुताटकीची शिखरं म्हटलं. यावर खात्रीचा इलाज एकच: त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलेल्या पेशी घ्यायच्या, त्यांवर तेच प्रतिपिंड वापरून तोच प्रयोग करायचा आणि तिथेही दिसतील ती शिखरं यादीतून उडवायची. हे महाग आहे, वेळखाऊ आहे, आणि प्रथिनाशिवाय पेशी जगतच नसेल तर अशक्य. म्हणून बहुतेक जण ते करत नाहीत.

‘रेस्ट’च्या बाबतीत एक स्वतंत्र साक्षीदार उपलब्ध आहे: तो एकवीस अक्षरी क्रम. शिखरं हुडकताना तो कुणी वापरलेला नसतो, त्यामुळे नंतर त्याच्याशी ताळा करता येतो. यादीतल्या वरच्या शिखरांच्या माथ्यापासून पन्नास अक्षरांच्या आत तो क्रम वारंवार सापडायला हवा आणि यादीत खाली जावं तसं त्याचं प्रमाण घटत जायला हवं. चालू जनुकांच्या सुरुवातीला पडलेल्या भुताटकीच्या शिखरांत तो सहसा सापडणार नाही. २००७ च्या लेखात ही तपासणी नुसता ताळा न राहता शोध ठरली. शिखरं इतकी अचूक बसली होती, की काही जागांवर त्या क्रमाचे दोन अर्धे भाग नेहमीपेक्षा जास्त अंतरावर असल्याचं ध्यानात आलं. ‘रेस्ट’ अशा फाकलेल्या क्रमावरही बसतं, हे त्यातून कळलं. नुसता जीनोम चाळून ते कधी कळलं नसतं, कारण कुणी तसा क्रम शोधलाच नसता. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या घडणीत महत्त्वाची असलेली जनुकंही त्या यादीत निघाली.

यादी कितीही चोख असली तरी तिचं उत्तर एका प्रश्नापुरतं असतं: प्रथिन कुठे बसलं आहे. बसल्यावर ते तिथे काही करतं का, हे ती सांगत नाही. त्यासाठी ‘रेस्ट’ काढून टाकल्यावर कोणती जनुकं जागी होतात ते वेगळं पाहावं लागतं. आणि लाखो पेशी एकत्र घेतल्यामुळे शिखराची उंची म्हणजे सर्व पेशींत थोडा थोडा वेळ बसणं, की थोड्या पेशींत सतत बसणं, हेही तिच्यातून वेगळं काढता येत नाही.

‘अमुक प्रथिनाच्या चाळीस हजार जागा सापडल्या’ असं एखाद्या बातमीत वाचायला मिळालं, तर मूळ लेख उघडून त्यातला पद्धतींचा भाग पाहावा. इनपुट त्याच पेशींचं होतं का आणि किती खोल वाचलं होतं, रेप्लिकेट नव्याने वाढवलेल्या पेशींचे होते की एकाच नळीचे, आणि प्रथिन नसलेल्या पेशींवर प्रतिपिंड तपासलं होतं का, हे तिथे दोन-चार ओळींत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर चाळीस हजार हा आकडा सोडून द्यावा आणि यादीतल्या फक्त वरच्या जागा लक्षात ठेवाव्यात.